कोणते पाटील?

लेक सव्वा महिन्याची झाली तेव्हा मावशी फैजपूरहून आली. पिशवीत डिंकाचे लाडू, कळणाचं पीठ आणि आजीच्या लुगड्यांची शिवलेली गोधडी. दुपारी तिने पाय पसरून लेकीला पायांवर घेतलं, तळहातावर तेल चोळलं आणि बाळाच्या पाठीवरून हात फिरवता फिरवता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "पाटीलच लाव व बाई तिले. तुह्यंच. कोनी काही इचारनार नाही, पोरीले पुढे सोपं जाईन." मी हो-नाही काहीच बोलले नाही. तेलाचा वास, बाहेर एप्रिलचं जळगावचं ऊन, कूलरची घरघर. वाक्य मायेनेच आलं होतं, म्हणून त्यावर चिडता येईना. मावशी चार दिवसांनी गेली. वाक्य घरातच राहिलं.

मी पाटील, नवरा पावरा, सातपुड्यातला आदिवासी. लग्नानंतर मी आडनाव बदललं नाही, त्यावर दोन्हीकडे जे बोलणं व्हायचं ते तेव्हाच होऊन गेलं. दोघं कमावते होतो, दोघांच्या कागदांवर आपापली नावं होती, दाराच्या पाटीवर दोन्ही मावत होती. पण बाळाच्या नावापुढे एकच रकाना असतो.

आपल्याकडे 'पाटील' ऐकलं की समोरचा थांबत नाही. भुसावळहून जळगावला येताना एसटीत शेजारच्या बाई हटकून विचारतात, "कोणते पाटील?" लेवा, मराठा, गुजर, आणखीही कितीतरी, गावची पाटीलकी ज्याच्या घरी होती तो पाटील. म्हणून मग "कुठले?" येतं, आणि गाव सांगितल्यावरही समाधान झालं नाही तर "मामा कोण तुमचे?" या तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळालं की बाईंच्या चेहऱ्यावर तिकीट फाटल्यासारखं समाधान येतं. हे मी लहानपणापासून पाहत आलेय आणि त्याचं मला कधी काही वाटलं नाही, कारण माझं उत्तर ऐकून कुणी कधी पदर सावरून जरा बाजूला सरकलं नव्हतं. 'पावरा' म्हटल्यावर दुसरा प्रश्न येतच नाही, हे मला लग्नानंतर कळलं. एका शब्दात माणूस, गाव, डोंगर, सगळं कळल्यासारखं लोक मान डोलावतात आणि पुढे बोलणं एकतर थांबतं किंवा फार गोड होतं. भाड्याचं घर बघायला गेलो होतो तेव्हा घरमालकांनी माझ्याशी वीस मिनिटं पाण्याच्या टाकीबद्दल बोलून मग नवऱ्याचं नाव विचारलं. नाव ऐकल्यावर त्यांना एकाएकी आठवलं की पुण्याचा भाचा इथे राहायला येणार आहे.

मावशीला हे सगळं माहीत होतं. 'सोपं जाईन' म्हणजे हे.

दवाखान्याने जन्माची नोंद पहिल्या एकवीस दिवसांतच महापालिकेकडे पाठवली होती. नोंदीत आईचं नाव, वडिलांचं नाव, पत्ता, तारीख, वेळ सगळं होतं, फक्त बाळाचं नाव कोरं. मी कोरा रकाना असलेला दाखला हातात घेऊन जन्म-मृत्यू विभागात गेले तेव्हा खिडकीतल्या ताईंनी शांतपणे समजावलं. नाव ठरलं नसेल तर घाई करू नका. वर्षाच्या आत आलात तर फी लागत नाही, नंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंतही नाव घालता येतं. पण एकदा घातलं की घातलं. लिहिण्यात चूक झाली असेल तर पुराव्यानिशी दुरुस्त करून मिळते, मन बदललं म्हणून मिळत नाही. "आणि ताई, आता सगळं ह्याच कागदावर चालतं," असं म्हणून त्यांनी दाखल्यावर बोट ठेवलं. खरंच होतं ते. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्माचा पुरावा म्हणून हाच दाखला धरायचा असा कायदा झालाय. आमच्या वेळी शाळेत मास्तर जे लिहीत ते नाव आणि तीच जन्मतारीख. मुलीच्या बाबतीत मास्तरांच्या हातात काही उरलेलं नव्हतं. जे लिहायचं ते आम्हीच लिहायचं होतं.

मग ताईंनी नाव लिहायची नवी रीत सांगितली. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव महाराष्ट्रात असं लिहायचं: आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. मला ऐकून आनंद झाला आणि त्याच क्षणी कुठेतरी टोचलंही. माझं नाव मधे आलं होतं, माझ्या नवऱ्याच्या नावाच्याही आधी. पण शेवटची जागा होती तिथेच होती, आणि तिथे कुणी उभं राहायचं याबद्दल ती रीत काहीच सांगत नव्हती.

घरी येऊन मी त्याला म्हटलं, "पावराच लावू या." मला वाटलं होतं तो खूश होईल.

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "पाटील लाव. मावशी बरोबर म्हणते." आमच्या लग्नाच्या पाच वर्षांत मी त्याला इतक्या हळू आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं. मग तुकड्यातुकड्यांनी ते निघालं. आश्रमशाळेतून तो अकरावीला धुळ्याला आला तेव्हा पहिल्या दिवशी हजेरी घेताना सर त्याच्या नावावर थांबले आणि वर्गाकडे बघून हसले. बस, एवढंच. कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही. दोन वर्षं त्याने हजेरीला 'हजर' म्हणताना मान वर केली नाही. इंजिनिअरिंगला मित्र त्याला नावाने हाक न मारता आडनावाने मारायचे, आणि त्यातल्या कुणी कोट्यातून आलास असं तोंडावर म्हटलं नाही तरी परीक्षेत त्याला जास्त मार्क पडले की खोलीत एक शांतता पसरायची. "तिला ते नको," तो म्हणाला. "तुझं आडनाव आहे ना. दे तिला."

मला त्या रात्री झोप लागली नाही. पावरा लावायचा माझा हट्ट मला अभिमानाचा वाटत होता. आता दिसलं की तो अभिमान मला फुकट मिळाला होता. त्या नावाची किंमत मी एका भाड्याच्या घरापलीकडे कधी मोजली नव्हती. ती त्याने मोजली होती, आणि पुढे मुलगी मोजणार होती. पण पाटील लावायचं म्हणजे तरी काय? तिने उभ्या आयुष्यात बापाचं नाव दुसऱ्या प्रश्नापर्यंत लपवायचं? एसटीतल्या बाईंनी "कोणते पाटील?" विचारलं की हिने काय सांगायचं? लपवलेल्या गोष्टीची माणसाला लाज वाटू लागते, मग ती आधी वाटत नसली तरी. मी एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला अशी सकाळ केली.

त्याच्या म्हणण्यात एक भीती मात्र अशी होती की तिला कागदाने उत्तर देता येत होतं. आपल्याकडे पक्का समज आहे की आईचं आडनाव लावलं की मुलाचं जातप्रमाणपत्र गेलं. तो पाटील लाव म्हणत होता आणि त्याच दमात त्यालाच ही काळजी होती. कारण स्वतःची वैधता मिळवताना त्याने जे भोगलं होतं ते मला माहीत होतं. वंशावळ प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायची होती. त्याचा शाळा सोडल्याचा दाखला पावरा नावाचा. त्याच्या वडिलांचा, म्हणजे आमच्या बाबांचा, चौथीचा दाखला पावरा नावाचा. आजोबांच्या सातबाऱ्यावर मात्र आडनावच नाही, नुसतं त्यांचं नाव आणि त्यांच्या बापाचं नाव. आणि बाबांचे सख्खे धाकटे भाऊ लहानपणीच सेंधव्याकडे गेले, तिकडे शाळेत त्यांनी कुळाचं नाव सांगितलं आणि तेच आडनाव म्हणून चिकटलं. म्हणजे एका वंशावळीत आजोबा बिनआडनावाचे, थोरला मुलगा पावरा आणि धाकटा तिसऱ्याच नावाचा. एका ओळीत तिघं उभे, आणि तिघं एकाच रक्ताचे आहेत हे पटवून द्यायला अकरा महिने आणि कितीतरी प्रतिज्ञापत्रं लागली. दक्षता पथक घरी येऊन गेलं, देव कोणते, कूळ कोणतं, लग्नात काय काय करता, सगळं विचारून गेलं. तो कागद आला तेव्हा बाबांनी तो आधी कपाळाला लावला.

ओळखीच्या एका वकीलबाईंना मी हे सगळं सांगितलं. त्या प्रांत कार्यालयाची कामं रोज करतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि जन्मदाखला उलटा फिरवून माझ्यासमोर धरला. "हे बघ. बाळाच्या नावाचा रकाना इथे, आणि वडिलांच्या नावाचा रकाना इथे. वेगळा. तिची जात बापाकडून बघतात, ती या रकान्यातून. पुढे बापाची वैधता आहेच. आडनाव हा जातीचा पुरावा नाही. तसं असतं तर खान्देशातल्या पाटलांचं काय केलं असतं?" आडनाव वेगळं असलं तर कुणीतरी शंका काढेल, एखादं प्रतिज्ञापत्र जास्तीचं द्यावं लागेल, हेलपाटे पडतील, हे त्यांनी लपवलं नाही. पण दार बंद होत नाही. खरा अवघड भाग वेगळाच आहे, त्या म्हणाल्या. आंतरजातीय लग्नातल्या मुलाची जात बापाची असं धरून चालतात, पण ते नुसतं गृहीत आहे, अंतिम नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात तसंच म्हटलंय. मूल कुणाच्यात वाढलं, त्या समाजाने त्याला आपलं मानलं का, त्याच्या वाट्याला तेच भोग आले का, हे बघायचं. त्या प्रकरणात आई आदिवासी होती आणि बाप आदिवासी नव्हता, तरी मुलाचं म्हणणं ऐकून घ्यायलाच हवं असं न्यायालय म्हणालं. "म्हणजे उद्या कुणी खोदलंच तर तुमच्या मुलीला विचारतील, तू आजोळी वाढलीस की डोंगरात? तिथे आडनाव कामाला येत नाही. सुट्टीत ती कुठे जाते ते येतं."

आईला आडनाव ठरवायचा हक्क आहे का, हेही मी विचारलं. त्यांनी २८ जुलै २०२२ च्या निकालाचं सांगितलं. आंध्रातली एक विधवा, दुसरं लग्न केलेली. पहिल्या सासरचे नातवाच्या पालकत्वासाठी कोर्टात गेले होते, आणि उच्च न्यायालयाने मुलाला पहिल्या बापाचंच आडनाव लावायला सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने आईच्या बाजूने सांगितलं. तुमच्या घरात तर भांडणच नाही, दोघांनी सही करा आणि जे हवं ते लिहा, असं म्हणून त्यांनी फाइल मिटली. मी खाली आले तेव्हा डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट जास्त जड वाटलं. कागदाची अडचण होती तोवर तिच्यामागे लपता येत होतं.

पोळ्याच्या सुट्टीला आम्ही शिरपूरहून वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या घरी गेलो. पाऊस नुकता उघडला होता, मका डोक्याच्या वर गेला होता आणि अंगणात ओल्या मातीचा, शेणाचा, चुलीच्या धुराचा वास एकत्र होऊन बसला होता. बाबा बैलांची शिंगं रंगवत होते. लेक त्यांच्या मांडीवर, तिच्या गालावरही हिंगुळाचा ठिपका. नवऱ्याने पावरीत त्यांना विचारलं, मला निम्मं कळलं, निम्मं त्याने नंतर सांगितलं. पोरीच्या नावापुढे काय लिहू?

बाबांना आधी प्रश्नच कळला नाही. मग ते म्हणाले, पावरा हे नाव मास्तरने लिहिलं. मी शाळेत गेलो तेव्हा मास्तरने विचारलं आडनाव काय, मी म्हटलं माहीत नाही. आमच्यात तेव्हा नाव आणि बापाचं नाव, एवढंच. मास्तर म्हणाला तुम्ही कोण? मी म्हटलं पावरा. त्याने लिहिलं. त्या दिवशी वर्गात सात पोरं होती, सातही पावरा झाली.

मी म्हटलं, मग कुळाचं नाव लावू का? काकांनी लावलं तसं? बाबांनी हातातली काडी रंगाच्या वाटीत ठेवली. कूळ लिहायचं नसतं, ते म्हणाले. कूळ सोयरीक जुळवताना सांगायचं असतं. एका कुळात लग्न होत नाही, म्हणून ते लागतं. ती मोठी झाली की मी सांगेन, मी नसलो तर हा सांगेल. मास्तरला काय करायचंय त्याच्याशी? (म्हणून ते नाव मीही इथे लिहीत नाही.)

मग ते आत गेले आणि पत्र्याची पेटी घेऊन आले. पेटीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला चौथीचा दाखला होता, घड्यांवर फाटत आलेला, मागून वर्तमानपत्राची पट्टी चिकटवलेली. नवऱ्याच्या वैधतेच्या वेळी हाच कागद सगळीकडे फिरला होता. त्यांनी तो माझ्या हातात दिला नाही, लेकीच्या समोर धरला. तिने लगेच मूठ आवळून कोपरा पकडला आणि आम्ही तिघंही एकदम ओरडलो. कागद वाचला. बाबा हसत होते. नवरा हसता हसता उठून मक्याकडे गेला आणि बराच वेळ आला नाही.

परतीच्या वाटेवर, शिरपूर मागे पडून तापीचा पूल आल्यावर तो म्हणाला, "मला वाटायचं हे नाव माझ्यावर कुणीतरी चिकटवलंय. चिकटवलंच होतं. पण बाबांनी ते पेटीत ठेवलं." पुढे म्हणाला, "लाव पावरा. पण तिला हजेरीचं मी आधीच सांगणार. शाळेत जायच्या आधी." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटत होतं की आता मी जिंकले असं वाटायला हवं, आणि तसं जराही वाटत नव्हतं. उलट पहिल्यांदाच पाटील हे नाव हातातून सुटतंय याचं दुःख झालं. माझे वडील गेल्यानंतर त्या नावाचं आमच्या घरात कुणी उरलेलं नाही, मी एकटीच मुलगी. हे मी तोवर कुणापाशी बोलले नव्हते, त्याच्यापाशीही नाही. त्या पुलावर बोलले. त्याने गाडी बाजूला घेतली. मग आम्ही दोन्ही आडनावं जोडून बघितली, मोठ्याने म्हणून बघितली. पण चार शब्दांचं नाव आधीच लांब, त्यात पाचवा शब्द आला की प्रत्येक ठिकाणी वेगळा तुकडा गळणार. एका कागदावर पाटील पावरा, दुसऱ्यावर नुसतं पावरा, तिसऱ्यावर नुसतं पाटील. तिघं एका ओळीत उभे करून प्रतिज्ञापत्र द्यायची पाळी तिच्यावर आणायची नव्हती.

दाखला करायला गेलो तेव्हा इंग्रजी स्पेलिंगवर आम्ही जास्त वेळ घालवला. नवऱ्याच्या कागदांवर आहे तसंच, अक्षराला अक्षर. ताईंनी स्क्रीन आमच्याकडे वळवली, दोनदा वाचायला लावलं आणि मगच पुढे गेल्या.

रात्री मावशीला फोन केला. तिला सांगायची मला भीती वाटत होती, खरं म्हणजे तिला वाईट वाटेल याची. "काय लावलं व?" मी म्हटलं, "पावरा." पलीकडे शांतता. मागे त्यांच्या टीव्हीचा आवाज. मग तिने विचारलं, "अन् तुह्यं?" मी सांगितलं की माझं नाव आहे, मधे आहे, बाळाच्या नावाला लागूनच, बापाच्याही आधी. आता असंच लिहितात.

"कागदावर? सरकारी?"

"हो."

मावशीचं लग्न झालं तेव्हा सासरच्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं होतं. आडनाव तर बदललंच, पहिलं नावही गेलं. चाळीस वर्षांनी मामांनी शेताचं हक्कसोडपत्र करायला तिला यावलला बोलावलं तेव्हा सातबाऱ्यावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. शंभराच्या स्टॅम्पवर तिने लिहून दिलं की ही आणि ती एकच बाई आहे. जमिनीवरचा हक्क सोडण्यासाठी आधी तिला ती स्वतःच आहे हे सिद्ध करावं लागलं होतं. त्या दिवशी तिच्याबरोबर मीच गेले होते. नोटरीच्या टेबलापाशी ती मला हळूच म्हणाली होती, मह्यं पयलं नाव इतक्या वर्षांनी कोनी मोठ्यानं वाचलं.

फोनवर ती म्हणाली, "वाच बरं. पूर्न वाच."

मी दाखला उघडला आणि मुलीचं पूर्ण नाव वाचलं. तिने परत वाचायला लावलं. दुसऱ्यांदा वाचताना माझ्या नावापाशी तिने मला थांबवलं आणि विचारलं, "काना-वेलांटी नीट हाये ना व? पाय एकडाव."

मी पुन्हा बघितलं. नीट होती.